शिवणीत लपवलेली चेन

वहिनीची रजा संपायच्या आदल्या रविवारी तिनं कपाटातले ऑफिसला घालायचे सगळे कुर्ते पलंगावर काढून ठेवले. बाळ साडेचार महिन्यांचं झालं होतं. बाळंतपणाच्या सव्वीस आठवड्यांच्या रजेतले सहा आठवडे तिनं आधीच घेतले होते, त्यामुळे मागे वीसच उरले होते. मी एकेक कुर्ता उचलून दाखवत होते आणि ती प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत होती, "अगं, पण यात पाजू कशी?" पाठीला चेन असलेले बाजूला गेले. बंद गळ्याचे गेले. छातीवर जड भरतकाम असलेले गेले. गळ्याला चार बटणं असलेले दोन होते, पण ती पट्टी जेमतेम छातीच्या वरच्या भागापर्यंत येत होती. तिथून पाजायचं तर गळा खांद्यावरून ओढून खाली आणावा लागणार. शेवटी उरले तीन, आणि तिघेही घरात घालून घालून विटलेले.

मी सांगलीत गेली अठरा वर्षं शिवणक्लास घेते. नव्यानं आई झालेल्या बायका माझ्याकडे येतात त्या बहुधा दुकानातून आणलेली फीडिंग कुर्ती घेऊन. कुणाला ती खांद्यात सैल होते, कुणाला तिचा कट आवडलेला नसतो, पण "दुसरं काय घालणार" म्हणून घेतलेली असते. मी त्यांना सांगते की तुमचा कपाटातला आवडता कुर्ताच घेऊन या. बहुतेक वेळा त्याला दोन चेन लावून काम होतं. वहिनीच्या पलंगावरच्या ढिगातून त्या दिवशी आम्ही पाच कुर्ते असे काढले. त्यातल्या पहिल्यावर माझ्याच हातून चूक झाली. ती पुढे सांगते, कारण चेनची जागा का महत्त्वाची हे त्या चुकीवरूनच नीट कळतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. पाजताना झाकायचं काय असतं? छाती, असं सगळ्यांना वाटतं. पण बाळ अंगाला लागलं की त्याचं डोकंच छाती झाकतं. उघडं पडतं ते पोट, कमरेची बाजू आणि पाठीचा खालचा भाग, कारण साधा कुर्ता किंवा टॉप पाजायला खालून वर घ्यावा लागतो. बाळंतपणानंतरचं ते सैल पोट चारचौघांत दिसू नये असं जवळपास प्रत्येकीला वाटतं. शिवाय वर केलेल्या कुर्त्याचा सगळा घेर हनुवटीखाली गोळा होतो, त्यामुळे बाळाचं तोंड नीट लागलंय का हेच आईला दिसत नाही. म्हणून चांगला पाजण्याचा कपडा पोट-पाठ जागच्या जागी झाकलेली ठेवतो आणि उघडतो फक्त तिथेच, जिथे उघडायची गरज आहे. घरातला फीडिंग गाऊन हेच करतो. पुढे दोन उभ्या चेन, बाकी सगळं बंद. ऑफिसच्या कुर्त्यातही आपल्याला तेच हवं असतं, फक्त त्या चेन दिसायला नकोत.

चेन लपवायची सगळ्यात चांगली जागा म्हणजे आधीच असलेली शिवण. प्रिन्सेस कटच्या कुर्त्यात पुढच्या बाजूला दोन उभ्या शिवणी असतात. काही कुर्त्यांत त्या खांद्याच्या मध्यापासून निघतात, काहींत मुंढ्यातून, आणि दोन्हींत त्या छातीच्या उंच भागावरून कमरेकडे उतरतात. म्हणजे उघडण्याची जागा शिंप्यानं आपल्यासाठी आधीच आखून ठेवलेली असते. ती शिवण थोडी उसवायची आणि तिथे इनव्हिजिबल चेन बसवायची, जिचे दात आतल्या बाजूला वळलेले असतात. बाहेरून बघणाऱ्याला फक्त शिवण दिसते. यात खांद्यातून निघणारी शिवण जास्त सोयीची, कारण ती जवळपास सरळ उतरते. मुंढ्यातून आलेली शिवण वळण घेते आणि वळणावर चेन बसवली की ती लाटेसारखी उठून दिसते. तशा कुर्त्यात चेनचं वरचं टोक मुंढ्यापासून निदान दोन इंच खाली, वळण संपल्यावर ठेवावं. नवीन कुर्ता शिवायलाच टाकणार असाल तर शिंप्याला सांगा, "प्रिन्सेस कट खांद्यातून काढा."

आता माझी चूक. पहिला कुर्ता गडद निळ्या कॉटनचा, खांद्यातून प्रिन्सेस कट. मी वहिनीचं माप घेतलं. खांद्याच्या शिवणीपासून छातीच्या टोकापर्यंत अकरा इंच. पाच इंचांची वाट पुरेल असा हिशेब करून मी साडेआठ इंचांपासून साडेतेरा इंचांपर्यंत चेन लावली, म्हणजे टोकाच्या वर अडीच इंच आणि खाली अडीच इंच. मोजमाप बरोबर, बसली पण सुंदर. वहिनीनं कुर्ता घातला, बाळाला घेतलं आणि दोन मिनिटांत बाळ रडायला लागलं. चेनचं खालचं टोक त्याच्या हनुवटीला टोचत होतं. छाती अर्धवटच बाहेर आली होती आणि कापडाची कड तिच्यावर वरून दाबत होती.

कारण साधं आहे, पण मापाच्या टेपवर ते दिसत नाही. उभी फट उघडते ती डोळ्यासारखी. मध्ये रुंद होते आणि दोन्ही टोकांना निमुळती होत बंद होते. पाच इंचांची फट मध्ये ताणून ताणून दोन-अडीच इंचच रुंद होणार. छाती बाहेर यायची, वर तिला खालून हाताचा आधार द्यायचा, त्यात बाळाचं नाक-हनुवटी मावायची, तर फट आठ ते नऊ इंच हवीच. आणि ती टोकाच्या वर-खाली सारखी वाटून चालत नाही, खाली जास्त हवी, कारण आधाराचा हात खालून येतो आणि बाळाची हनुवटीही खालीच असते. आम्ही चेन काढली, शिवण आणखी उसवली आणि आठ इंचांपासून सोळा इंचांपर्यंत आठ इंचांची नवी लावली. टोकाच्या वर तीन इंच, खाली पाच. या वेळी बाळ आवाज न करता पीत राहिलं. तेव्हापासून मी क्लासमध्ये हेच माप सांगते, प्रत्येकीच्या अंगाप्रमाणे इंच-अर्धा इंच कमी-जास्त करून.

माप घेण्याची वेळही महत्त्वाची असते. बाळाला पाजायच्या आधी छाती भरलेली असते आणि पाजल्यावर ती उतरते. एकाच बाईचा छातीचा घेर त्या दोन वेळांना सहज इंचभर वेगळा येतो. माप भरलेल्या वेळी घ्यायचं, रोज घालायची फीडिंग ब्रा आणि तिच्यातलं पॅड अंगावर असताना. बाळंतपणानंतर पहिले सहा-आठ आठवडे तर छातीचा आकार सारखा बदलत असतो, त्या काळात फिटिंगचं काहीच शिवून घेऊ नये. फिटिंग सैलच हवं. घट्ट कुर्ता किंवा तार असलेली घट्ट ब्रा छातीच्या एकाच जागी दिवसभर दाबत राहिली तर तिथलं दूध नीट वाहत नाही आणि गाठ धरू शकते. हाताला दुखरा, कडक गोळा लागणं, वरची त्वचा लाल होणं ही त्याची खूण. सोबत ताप आणि अंग मोडून आल्यासारखं वाटलं तर कपडा सैल करून थांबू नका, डॉक्टरांकडे जा. माझ्या क्लासमधल्या एका मुलीला लग्नाच्या ब्लाउजमुळे हे झालं होतं. रोज ऑफिसला जाणारीला ते होऊ नये म्हणून कुर्त्याचं छातीचं माप अंगापेक्षा निदान तीन इंच मोठं ठेवा.

चेन बसवण्याचं काम घरी मशीन असलेली कुणीही करू शकते. वहिनीच्या दुसऱ्या कुर्त्यावर आम्ही जे केलं तेच सांगते. शिवण लावायच्या चेनपेक्षा अर्धा इंच जास्त उसवली आणि दोन्ही कडा इस्त्रीनं मूळ घडीवर बसवल्या. तयार कुर्त्यात आतलं मार्जिन फार थोडं असतं, कधी पाव इंचच, आणि ते ओव्हरलॉक केलेलं. तेवढ्यावर चेनची पट्टी धरत नाही. म्हणून दोन्ही बाजूंना त्याच रंगाच्या सुती कापडाची इंचभर पट्टी जोडून मार्जिन वाढवलं. कापड रेयॉनचं होतं आणि रेयॉन ओलं झालं की कमजोर होतं, ओढलंही जातं, म्हणून चेनच्या रेषेवर आतून पेस्टिंगची पट्टी इस्त्रीनं चिकटवली. ती नसती तर चार धुण्यांत चेन झोळीसारखी लोंबली असती. मग चेन आधी धावदोऱ्यानं टाचली, उघडझाप करून पाहिली आणि मगच दातांच्या अगदी लगत टीप मारली. वरच्या आणि खालच्या टोकाला हातानं चार-पाच मजबूत टाके घातले, कारण घाईत चेन ओढली जाते तेव्हा सगळा ताण तिथेच येतो.

चेन लावून झाली म्हणजे काम झालं असं बहुतेक शिंपी समजतात. पण चेनच्या मागे मऊ कापडाची दोन इंच रुंद पट्टी हवी, एकाच बाजूनं शिवलेली, म्हणजे चेन उघडली की ती बाजूला होते आणि बंद असताना दात आणि अंग यांच्यामध्ये राहते. जुन्या धुतलेल्या मलमलची पट्टी याला फार छान. वरच्या टोकाला ती दुमडून रनरवर छोटीशी टोपी करायची, म्हणजे रनरची कड बाळाच्या गालाला लागत नाही. चेन नायलॉनची घ्यायची. धातूची जड असते, थंडीत गार लागते आणि तिचे दात खरबरीत असतात. इनव्हिजिबल चेनचा रनर इवलासा असतो, घाईत बोटांत धरता येत नाही, म्हणून त्याला त्याच रंगाच्या दोऱ्याचा छोटा फास बांधायचा. मणी किंवा बटण मात्र बांधू नका. पाच महिन्यांचं बाळ हाती येईल ते तोंडात घालतं. वहिनीचं छोटं मंगळसूत्र पहिल्याच दिवशी त्या फाशात अडकलं. काळे मणी तुटता तुटता वाचले. मग तिनं ऑफिसच्या दिवसांत लांब मंगळसूत्र घालायचं बंद केलं.

चेन बसवलेला कुर्ता चालतो की नाही हे आरशासमोर उभं राहून कळत नाही. डाव्या हातात बाळ असतं आणि डावीकडची चेन उजव्या हातानं उघडायची असते. उघडणं सोपं जातं, कारण रनर खाली ओढला की खांद्यावरून कापड आपोआप ताणलं जातं. बंद करणं कठीण. रनर वर नेताना कापडही सोबत वर येतं आणि ते खालून धरायला दुसरा हात मोकळा नसतो. म्हणून मी एक सोपी चाचणी करून घेते. खुर्चीत बसायचं, डाव्या हाताच्या वळणात पाच किलोच्या कणकेचं पाकीट बाळासारखं धरायचं आणि दुसऱ्या हातानं चेन उघडून बंद करायची. तीनदा करून पाहायची. अडकत असेल तर बहुतेक वेळा टीप दातांच्या फार जवळ गेलेली असते, ती उसवून एक दोरा बाहेर घ्यावी लागते. टीप बरोबर असूनही कापड वरच येत असेल तर चेनच्या खालच्या टोकाजवळ आतून छोटा कापडी लूप लावायचा. करंगळी त्यात अडकवायची आणि अंगठा-तर्जनीनं रनर वर घ्यायचा. वहिनीच्या पाचही कुर्त्यांना असे लूप आहेत.

प्रिन्सेस कट नसलेल्या सरळ कुर्त्याचं काय? त्यात नवी फट कापावी लागते आणि ती दिसते. तिच्यावर उभी लेस किंवा पिनटक्सची पट्टी लावून लपवता येतं, पण ते दोन्ही बाजूंना सारखं आलं पाहिजे, नाहीतर लगेच नजरेत भरतं. छातीखाली आडवी शिवण आणि खाली चुण्या असलेल्या कुर्त्यात काही जण आडवी चेन लावतात. माझं मत त्याच्या विरुद्ध आहे. आडवी चेन बसल्यावर वाकते आणि मध्ये फुगते. तिथे चेनऐवजी वरच्या भागाचं कापड दीड-दोन इंच खाली झालरीसारखं येऊ द्यावं आणि त्याच्या आत मोकळी वाट ठेवावी. वरचा पदर उचलला की झालं. नवीनच शिवायचं असेल तर अंगरखा हा यासाठी फार जुना आणि फार चांगला कट आहे. दोन बाजू एकमेकींवर येतात, बंद सोडलं की वाट मोकळी. वाकल्यावर तो उघडा पडतो एवढीच अडचण, आणि ती छातीच्या रेषेवर एक टिचबटण लावून जाते.

ज्यांना काहीच शिवायचं नाही त्यांच्यासाठी दोन थरांचा उपाय आहे. आत खांद्यावर क्लिप असलेली फीडिंग स्लिप आणि वर कुठलाही कमरेपर्यंतचा सैल शर्ट किंवा टॉप. पाजताना वरचा वर घ्यायचा आणि आतला खाली सोडायचा. पोट-पाठ आतल्या थरानं झाकलेली राहते. पँट-शर्ट घालणाऱ्यांना हा उपाय सोयीचा पडतो. गुडघ्यापर्यंतच्या कुर्त्यात मात्र तो चालत नाही, वर घेतलेल्या कापडाचा ढीग होतो. आणि सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये दोन थर नकोसे होतात.

ऑफिसात मात्र पाजणं फार कमी होतं. आपल्याकडच्या बहुतेक नोकरदार आया दिवसात दोनदा दूध काढून ठेवतात. कायद्यानं पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघर हवं आणि आईला दिवसात चार वेळा तिथे जाता आलं पाहिजे. मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत रोजच्या सुट्टीशिवाय पाजण्यासाठी दोन वेळा सवलतही मिळते. वहिनीच्या कंपनीत माणसं शंभरावर आहेत, पाळणाघर नाही. तिला स्टोअरशेजारची एक खोली मिळाली, कडीची, पण बाहेर माणसांची ये-जा. तिथे तिला पंपावर पंधरा-वीस मिनिटं बसावं लागायचं. पाठीला चेन असलेल्या कुर्त्यात पंप लावायचा तर कुर्ता पूर्ण काढावा लागतो आणि कुणी दार वाजवलं की जीव घाबरा होतो. दूध उतरायला शरीरात ऑक्सिटोसिन हे संप्रेरक सुटावं लागतं, आणि भीती वाटली, अंग आखडलं की ते लवकर सुटत नाही. दोन्ही बाजूंच्या उभ्या चेन असल्या की कुर्ता अंगावर राहतो, दोन्ही कडांमधून पंपाचे फनेल आत बसतात आणि वर ओढणी टाकली की कुणी आत आलं तरी बाई कपड्यांत असते. पंपासाठी फट नऊ इंचांची बरी, कारण फनेलची कड छातीला सगळीकडून सपाट टेकावी लागते. आठ इंचांच्या फटीत ती एका बाजूनं उचलली जायची आणि हवा आत शिरायची. पंपाचा आवाज बदलतो, ओढ जाणवत नाही, तेव्हा समजायचं की कापड मध्ये येतंय. हे कळल्यावर आम्ही तिच्या उरलेल्या तीन कुर्त्यांच्या चेन नऊ इंचांच्या लावल्या.

मग डाग. घरातलं बाळ रडल्याची नुसती आठवण झाली, फोनवर कुणाचं बाळ रडलं, तरी दूध येतं. मीटिंगमध्ये दोन ओले गोल कुर्त्यावर उमटले की बाईला दिवसभर फाईल छातीशी धरून फिरावं लागतं. दूध सुटल्याची झिणझिण जाणवली की हात घडी घालून तळव्यांनी छाती सरळ आत दाबून धरावी. मिनिटभरात थांबतं आणि बघणाऱ्याला ते नुसतं हाताची घडी घातल्यासारखं दिसतं. कापडही निवडावं. फिकट आकाशी, राखाडी, पिस्ता असे एकरंगी रेयॉन किंवा क्रेप ओले झाले की लगेच गडद होतात. पांढरं कॉटन गडद होत नाही, पण पारदर्शक होतं. बारीक, दाट छापाचं कापड सगळ्यात सुरक्षित. अजरख, कलमकारी, बाटिक, ज्यात दोन-तीन छटा एकमेकींत मिसळलेल्या असतात. गडद निळं किंवा काळं ओलं झालेलं कळत नाही, मात्र दूध वाळलं की त्यावर कडक, पांढुरकी कड उमटते. असा डाग आधी थंड पाण्यानं धुवायचा. गरम पाणी घातलं की दुधातलं प्रथिन कापडात घट्ट बसतं आणि मग तो निघत नाही.

आतल्या पॅडसाठी आम्ही जुन्या सुती चादरीचे चार थर आणि मध्ये फलालीनचा एक थर घेऊन पाच इंची गोल शिवले. एका दिवसाला तीन जोड्या. दोन ऑफिसात बदलायला, एक येताना. ओलं पॅड अंगाला लावून बसलं तर त्वचा मऊ पडते, बुरशी धरू शकते. मागे प्लास्टिक असलेली पॅड कुर्ता वाचवतात, पण घाम आणि दूध दोन्ही आत कोंडतात, म्हणून ती प्रवासाच्या तासाभरापुरतीच बरी.

कार्यक्रमांचा प्रश्न वेगळा. लग्न-मुंजीला साडी आली, आणि साडीची सवय आपल्या बायकांना पिढ्यानपिढ्यांची आहे. जुन्या चोळीची गाठ पुढे असायची, म्हणजे उघडायची जागा पुढेच होती, आणि वरून पदर होता. आता ब्लाउजला हूक पाठीला, गळा पाठीला खोल, पुढे कप. असा ब्लाउज खालून वर सरकवून पाजायचा प्रयत्न केला की त्याची खालची कड छातीच्या वरच्या भागाला करकचून बसते, तेच दाबाचं दुखणं. बाळंतपणाच्या वर्षात हूक पुढे घ्यावेत. कपाचा ब्लाउज असेल तर कपाच्या कडेची प्रिन्सेस शिवण उसवून तिथे कुर्त्यासारखीच चेन लावता येते, पण रेशमाला ती फार जपून, कारण सुईची भोकं रेशमात राहतात. रेशमावर साध्या पाण्याचाही डाग पडतो, म्हणून आतलं अस्तर पूर्ण सुती हवं. पदर नेहमीपेक्षा पाऊण हात लांब काढा, खांद्याला मिऱ्या घालून पिन लावू नका, नुसता मोकळा टाका. पाजताना पाठीवरचं टोक उजव्या खांद्यावरून पुढे ओढलं की दोन्ही बाजू झाकतात. वहिनीनं भाच्याच्या मुंजीत असंच केलं आणि मांडवातून उठून कुठल्या खोलीत जायची वेळ तिच्यावर आली नाही.

ओढणी किंवा फीडिंग कव्हर पहिल्या तीन महिन्यांत चालतं. चौथ्या महिन्यानंतर बाळ आवाज झाला की मान वळवतं, कव्हर हातानं ओढतं, आणि उन्हाळ्यात सिंथेटिक कापडाखाली घामानं चिडतं. त्या वयात मोठ्या कव्हरपेक्षा नेमकी फट जास्त कामाची ठरते. प्रवासात एसटी स्टँडवर हिरकणी कक्ष असेल तर जरूर जा. आपल्या बाळासाठी रायगडाचा कडा उतरून गेलेल्या हिरकणीचं नाव त्याला दिलंय. पण सगळीकडे तो उघडा किंवा बसण्याजोगा असेलच असं नाही. म्हणून बसच्या खिडकीशेजारी बसून काम होईल असा कुर्ता अंगावर असणं जास्त भरवशाचं. प्रवासाच्या दिवशी बाळाला घ्यायची बाजू बंद भिंतीकडे किंवा खिडकीकडे येईल अशी बसा. फट कडेला आहे, मध्ये नाही, त्यामुळे समोरच्याला काही दिसत नाही.

वहिनीचा मुलगा आता चौदा महिन्यांचा आहे. गेल्या महिन्यात ऑफिसातून येऊन ती पायरीवर टेकली आणि त्यानं स्वतःच दोऱ्याचा फास बोटात धरून चेन खाली ओढली, शेजाऱ्यांसमोर. आम्ही त्या दिवशी फास कापून टाकले आणि रनरवरची टोपी मोठी केली. अजून सहा महिने तरी ती पाजणार आहे. नंतर चेन काढून शिवणी परत शिवायच्या आहेत. कॉटनच्या तीन कुर्त्यांवर दोन धुण्यांत भोकं बुजतील. रेयॉनच्या दोघांवर ती पूर्ण जाणार नाहीत, म्हणून त्यांच्या चेन मी तशाच राहू देणार आहे, टोकाला दोन टाके घालून बंद केलेल्या.